बसण्याचे पैसे

माझा नवरा क्लॅरिओनेट वाजवायचा आणि कल्हई लावायचा. पावसाळ्यानंतर दिवाळीपर्यंत नंदुरबारच्या गल्ल्यांतून तो भाता घेऊन फिरे, आणि लग्नाचे दिवस आले की भाता कोपऱ्यात टाकून लाल कोट अंगात घाली. त्याच्या बँडात सहा जण होते. दोन कॉर्नेटवाले, एक मोठा भोंगावाला, एक साइड ड्रम, एक मोठा ढोल आणि हा. सगळे त्याला मास्तर म्हणत. मीही हळूहळू मास्तरच म्हणू लागले. आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत, आणि घरात सारखं 'सुनो जी' म्हणण्यापेक्षा मला ते सोयीचं वाटे.

मी मुलींच्या शाळेत मराठी पाचवीपर्यंत शिकले होते. घरात आम्ही आमची हिंदी बोलायचो, बाजारात अहिराणी, आणि लिहायला तेवढी मराठी. दुसरी मोठी लढाई सुरू होण्याच्या दोन-तीन वर्षं आधीची ही गोष्ट आहे. तेव्हा मी असेन बावीस-तेवीस वर्षांची.

मास्तरांना वाजवणं यायचं, पैसे मागणं यायचं नाही. कोणी सुपारी घेऊन आला की ते तीस रुपये म्हणत. मुलीचा बाप जरा उदास दिसला की पंचवीस. त्याने "मास्तर, पाचवी पोर शे" असं म्हटलं की वीस. एकदा तर एका माणसाने काहीच म्हटलं नाही, नुसता उसासा टाकला, तरी यांनी दोन रुपये कमी केले. मी दाराआडून ऐकत होते. तो गेल्यावर मी विचारलं, "दोन रुपये कशाचे सोडले?"

"तो थकलेला दिसत होता," मास्तर म्हणाले.

"तो पायी आला होता म्हणून थकला होता. गरीब असता तर सहा माणसांचा बँड कशाला सांगितला असता?"

ते हसले आणि क्लॅरिओनेटच्या तोंडाशी बसवायची बोरूची पत्ती ओठांत धरून ओली करू लागले. वादाच्या वेळी पत्ती तोंडात धरायची त्यांची सवयच होती.

त्या हंगामात मी एक काम केलं. स्वयंपाकघराच्या दारामागच्या भिंतीवर कोळशाने रेघा ओढायला लागले. ज्या दिवशी बँड वाजला त्या दिवसाची लांब रेघ. ज्या संध्याकाळी सहाही जण आमच्या अंगणात बसून नवीन चाल बसवत, त्या संध्याकाळची आखूड रेघ. गाडीत गेलेल्या दिवसाची आडवी, आणि मांडवात नुसतं बसून गेलेल्या दिवसाचं टिंब. कारण यजमानांना लांब रेघाच दिसतात, बाकीचं माझ्या अंगणात घडतं हे मला कळत होतं. तालमीच्या संध्याकाळी सहा जणांचा चहा मीच करत होते. ढोलाचं कातडं फाटलं की बकऱ्याचं कातडं आणून, भिजवून मीच झाकून ठेवत होते. क्लॅरिओनेटच्या पत्त्या सुरतेहून रेल्वेने मागवाव्या लागत, आणि एक पत्ती चिरली की मास्तरांचा चेहरा असा होई की जणू घरात कोणी आजारी आहे.

वैशाख संपता संपता मी भिंतीपुढे बसून मोजलं. लांब रेघा एकोणीस होत्या. आखूड, आडव्या आणि टिंबं मिळून त्याच्या दुपटीहून जास्त. म्हणजे एक दिवस वाजवायचे पैसे घेऊन हे लोक तीन दिवस देत होते. तेवढे दिवस मास्तरांनी भांड्यांना कल्हई लावली असती तर घरात जास्त पैसे आले असते. मी त्यांना भिंतीपुढे आणून उभं केलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"टिंबं खूप आहेत," एवढंच म्हणाले.

"टिंबांचे पैसे मागायचे."

"लोक हसतील. बसण्याचे पैसे?"

ढोलवाला आमच्या शेजारीच राहायचा. त्याने ऐकलं तर तो खरोखरच हसला. "भाभी, बसण्याचे पैसे मिळाले तर मी ढोल विकून टाकतो," तो म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी येऊन हळूच विचारून गेला, की बसण्याचे नेमके किती मागायचे म्हणतेस?

पुढचा हंगाम येईपर्यंत मी हिशोब बसवून ठेवला. वाजवण्याच्या दिवसाला प्रत्येकी एक रुपया, मास्तरांचे दोन, म्हणजे दिवसाला सात. तालमीच्या संध्याकाळी माणशी दोन आणे, पण नेहमीच्या चाली असतील तर तालमीचं काही नाही. यजमानाने खास नवीन चाल मागितली तरच. कातडं, पत्त्या, कोटांची धुलाई यांचे मिळून दोन रुपये. गाडी यजमानाने पाठवायची, नाहीतर भाडं वेगळं. प्रवासाचा दिवस अर्ध्या रोजाने, कारण त्या दिवशी वाजवायचं नसलं तरी दुसरं कामही करता येत नाही. आणि ठरलेल्या वेळेच्या पुढे थांबावं लागलं तर तेही अर्ध्या रोजानेच, दिवसाला साडेतीन रुपये.

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे सगळं मला एका दमात म्हणता येणार नाही."

"तुम्ही म्हणू नका. मी म्हणेन."

अशा रीतीने पहिल्यांदा माझी गाठ ब्राह्मणपुरीच्या पाटलांशी पडली.

चैत्र लागला होता. पाटील दुपारचे आले. ऊन इतकं की त्यांचे जोडे अंगणाच्या फरशीवर ठेवताना त्यांनी पायानेच सावलीत सरकवले. मोठे शेतकरी होते, शहाद्याकडच्या काळ्या जमिनीचे धनी, पण बोलायला साधे. मुलीचं लग्न ठरलं होतं. नवरा मुलगा खापर गावाकडचा. मास्तरांनी पाणी दिलं. मी दाराआड बसले, डोक्यावरून पदर घेऊन.

पाटील म्हणाले, "मास्तर, माले एक चाल पाहिजे. मन्ही माय जातावर म्हने ती." आणि त्यांनी ती गुणगुणून दाखवली. पाटलांचा गळा अगदी बेसूर होता. पहिले तीन तुकडे तरी ओळखता येत होते, चौथ्यावर येऊन ते थांबले. "याना फुढे काय व्हतं ते याद नही. पन पोर सासरी जाई तवय हाई चाल वाजाले पाहिजे. माय आते नही ना."

मास्तरांचे डोळे लगेच चमकले. मला माहीत होतं आता ते काय म्हणतील. ते म्हणतील, पैशाचं काय, चाल बसवतो. म्हणून मी आतून बोलले.

"दादा, ती चाल कोणालाच येत नाही. बसवायला पाच संध्याकाळ लागतील. सहा माणसं पाच संध्याकाळ."

पाटलांनी दाराकडे पाहिलं. मग मास्तरांकडे. मास्तर पत्ती ओली करत होते.

"बहीन, मंग कितला?" पाटील दाराला म्हणाले.

मी एकेक करून सांगितलं. वाजवणं दोन दिवस, चौदा रुपये. तालीम, तीन रुपये बारा आणे. कातडं-पत्त्या दोन. गाड्या तुमच्या, पण जाण्यायेण्याचे दोन दिवस अर्ध्या रोजाने सात. एकूण सव्वीस रुपये बारा आणे, जेवण तुमच्याकडे. पाटील प्रत्येक रकमेला मान हलवत होते. तालमीचे पैसे तर त्यांनी आनंदाने मान्य केले. शेवटी मी थांबण्याचं सांगितलं आणि ते एकदम सरळ बसले.

"बठाना पैसा?"

"हो."

"बहीन, मन्हा घर टाईम चुकत नही. सोमवारे सकाय हळद, दुपारे वऱ्हाड ई, मंगळवारे गोरज मुहूर्तवर लगन, मंग पोरनी पाठवनी."

"मग तर फारच बरं," मी म्हणाले. "वेळ चुकली नाही तर तुम्हाला एक पैसाही द्यावा लागणार नाही. जे होणारच नाही ते मान्य करायला काय हरकत आहे?"

पाटील मोठ्याने हसले. मास्तरांना म्हणाले, "तुम्हनी घरमा वकील शे." पाच रुपये इसार ठेवून ते गेले.

पुढच्या पाच संध्याकाळी आमच्या अंगणात ती चाल घुमत राहिली. तीन तुकडे बसले, चौथा बसेना. मास्तर कधी तो वर नेत, कधी खाली आणत, पण काही केल्या तो त्यांना खरा वाटेना. शेवटी त्यांनी स्वतःच्या मनाने एक वळण दिलं. "जातं असं थांबत नाही," ते मला म्हणाले, "पण आता काय करणार."

माझं माहेर शहाद्याचं. म्हणून रविवारी पहाटे पाटलांच्या दोन गाड्या आल्या तेव्हा मीही मागच्या गाडीत ढोलाशेजारी बसले. प्रकाशाला तापी उतरलो. पात्रात पाणी बैलांच्या गुडघ्याएवढंच होतं, तरी मास्तरांनी क्लॅरिओनेटची पेटी डोक्यावर धरली होती. शहाद्याला मी भावाच्या घरी उतरले आणि गाड्या तीन कोस पुढे ब्राह्मणपुरीला गेल्या.

बुधवारी सकाळी भावाच्या दारात पाटलांची गाडी उभी राहिली. गाडीवान म्हणाला, "पाटीलनी मोठी बहीन, आक्का, तुम्हले बलाई ऱ्हायनी. म्हनस, बठाना पैसा मांगनारी बाई माले देखनी शे."

मी घाबरले. काहीतरी बिनसलं असणार असंच वाटलं. वाटेत गाडीवानाकडून सगळं कळलं. सोमवारी सकाळी हळद झाली, बँड वाजला. दुपारी वऱ्हाड यायचं होतं ते आलंच नाही. उतरत्या उन्हात एक घोडेस्वार आला. नवऱ्या मुलाला हिवताप भरला होता, थंडीने दात वाजत होते. गुरुजींनी गुरुवारचा मुहूर्त काढून दिला होता. म्हणजे मंगळवार आणि बुधवार बँडाला नुसतं बसायचं होतं.

पाटलांच्या मळ्यातल्या निंबाखाली सहाही जण बसले होते. लाल कोट काढून घडी करून ठेवलेले. ढोलावर ओलं फडकं टाकलं होतं, कारण त्या झळांनी कातडं इतकं ताणलं जात होतं की तडकायची भीती. मास्तर माझ्याकडे पाहून लाजल्यासारखे हसले. ते जवळ आले आणि म्हणाले, "कोरीटचं काय करायचं?"

नंदुरबारकडच्या कोरीट गावचं लग्न शुक्रवारी होतं. ती सुपारीही मीच ठरवली होती, मध्ये एक दिवस विश्रांतीचा ठेवून. आता गुरुवारी इथे लग्न, शुक्रवारी परतीचा प्रवास, म्हणजे कोरीट हातचं जाणार. इसारही परत करावा लागणार. मी थांबण्याचे दिवसाचे साडेतीन रुपये मोठ्या हुशारीने ठरवले होते, पण थांबल्यामुळे पुढचं काम बुडतं हे माझ्या हिशोबात कुठेच नव्हतं. भिंतीवर त्याच्यासाठी मी रेघच ठेवली नव्हती.

"माझं चुकलं," मी म्हणाले.

"तू काय मुलाला ताप आणलास?" मास्तर म्हणाले. "आत जा. आक्का वाट पाहतायत."

आक्का म्हणजे पाटलांची विधवा बहीण. त्या घराचा कारभार त्यांच्याच हातात होता. बुटक्या, पांढऱ्या केसांच्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "इतलीशी तं शे." मग जवळ बसवून गूळ-पाणी दिलं. मांडवाचं घर, बायका पापडांच्या टोपल्या हलवत होत्या. आक्कांनी गहू निवडत विचारलं, बँडवाले ती चाल नीट वाजवतात का. मी खरं सांगितलं, की चौथा तुकडा पाटलांना आठवला नाही, मास्तरांनी मनाने घातला आहे.

"त्याले कसं याद ऱ्हाई?" आक्का म्हणाल्या. "तो जाताजोडे झोपी जाये. दळे मी न माय."

आणि त्यांनी, हातातलं काम न थांबवता, ती चाल गुणगुणली. पूर्ण. चौथा तुकडा वर जातच नव्हता, खालीही येत नव्हता. तो मध्येच एक गिरकी घेऊन पुन्हा पहिल्याला मिळत होता, जसं जातं फिरून मूठ परत हाताशी येते तसं. मी त्यांना तीनदा म्हणायला लावलं. त्या बाहेर पुरुषांपुढे गाणार नव्हत्या, आणि मास्तर आत येऊ शकत नव्हते. म्हणून मी ती चाल तोंडात धरून, कोणी मध्ये बोलू नये म्हणून खाली मान घालून, मळ्यात गेले.

मी आयुष्यात नवऱ्यापुढे कधी गायले नव्हते. गोठ्याच्या भिंतीआड उभी राहून मी त्यांना तो तुकडा गुणगुणून दाखवला. एकदा चुकले, पुन्हा म्हटलं. मास्तर डोळे मिटून ऐकत होते. मग त्यांनी क्लॅरिओनेट न लावता नुसती बोटं हवेत चालवली, आणि मान हलवली.

"अजून एकदा," ते म्हणाले.

मी म्हटलं. त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला पदर सारखा करावा लागला.

"आला तुमचा तुकडा. आता कोरीटचं बघा," मी म्हणाले.

मग आम्ही सगळे निंबाखाली बसलो. मीही बसले, जरा बाजूला. ढोलवाला म्हणाला, सगळेच जाऊ, पाटलाला सांगू की ठरलेली वेळ टळली. भोंगावाला म्हणाला, भरल्या मांडवातून बँड उठून गेला तर या बाजूला पुन्हा कोणी बोलावणार नाही. मास्तर म्हणाले, "मी जाणार नाही. ही चाल वाजवल्याशिवाय मी जाणार नाही. पण तुम्ही कोरीट सोडू नका." शेवटी ठरलं असं, की मास्तर आणि साइड ड्रमवाला राहतील. बाकीचे चौघे गुरुवारी पहाटे निघतील आणि शुक्रवारी कोरीटला थोरल्या कॉर्नेटवाल्याच्या हाताखाली वाजवतील. मास्तरांनी पाटलांना जाऊन सांगितलं. पाटलांचा चेहरा उतरला, पण त्यांनी अडवलं नाही. उलट चौघांसाठी गाडीही दिली.

गुरुवारी दुपारी वऱ्हाड आलं. नवरा मुलगा फिकट, कानाला उपरणं गुंडाळलेला, पण चालत होता. वेशीवर त्यांना घ्यायला एक क्लॅरिओनेट आणि एक ड्रम एवढंच होतं. वऱ्हाडातला कोणी म्हणाला, "इतलासाच बँड?" पाटलांनी ऐकलं आणि मान दुसरीकडे फिरवली. मला माजघराच्या खिडकीतून दिसत होतं. मास्तर मात्र असे वाजवत चालले होते की जणू मागे पन्नास माणसांचा ताफा आहे.

गोरज मुहूर्तावर लग्न लागलं. पंगत लवकर उठली, कारण वऱ्हाडाला चांदणं आहे तोवर पुढच्या मुक्कामाला पोचायचं होतं. मुलगी गाडीत चढायला निघाली आणि मास्तरांनी ती चाल धरली. ड्रमवाल्याने काठ्या बाजूला ठेवून नुसत्या बोटांनी ताल दिला, जात्याच्या घरघरीसारखा. सहा जणांनी वाजवली असती तर ती चाल मोठी झाली असती. दोघांनी वाजवली म्हणून ती घरातली राहिली. चौथा तुकडा आला, गिरकी घेऊन वळला, आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या आक्का एकदम गायला लागल्या. पुरुषांपुढे न गाणाऱ्या आक्का. मागच्या दोन म्हाताऱ्यांनी साथ धरली. मुलगी गाडीच्या दांडीला धरून रडत होती, आणि पाटील बैलाची वेसण उगाचच तपासत होते.

शुक्रवारी सकाळी ओट्यावर पैसे द्यायचे होते. पाटील आणि मास्तर बाहेर, आक्का आणि मी चौकटीच्या आत. पाटील म्हणाले, "ठरेल ते देस. पन थांबाना पैसा नको म्हना, मास्तर. दोन दिन तुम्हना लोके निंबखाल झोपनात, जेवनात, पत्ता खेयनात. मी खावाडं. तेना पैसा कसाले?"

मास्तरांनी पत्ती तोंडात घातली. मी बोलणार तोच आक्का बोलल्या.

"भाऊ, खळामा उफननी करस तवय वारा पडना तं मानसे काय करतस?"

"बठी ऱ्हातस."

"त्यास्ना रोज कापस का तू?"

पाटलांनी पुढ्यातले रुपये पुन्हा मोजायला घेतले.

"वारा तुन्हा धान्यसाठे पाहिजे," आक्का म्हणाल्या. "त्या आपला घर झोपाले वनात नही."

पाटलांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि डोकं खाजवलं. "दिवस दोनना सात," ते म्हणाले. "बरं. पन काल चार जन व्हतात नही. त्यास्ना कालना रोज मी देवाव नही."

"ते बरोबर आहे, दादा," मी आतून म्हणाले. "चौघांचे चार रुपये कापा. ते दुसरीकडे कमवायला गेले आहेत."

पाटलांना हे अपेक्षित नव्हतं. भांडणाच्या तयारीत असलेला माणूस भांडण न मिळाल्यावर जसा दिसतो तसे ते दिसले. सव्वीस रुपये बारा आण्यांत सात मिळवले, चार वजा केले, एकोणतीस रुपये बारा आणे झाले. इसार पाच. राहिले चोवीस रुपये बारा आणे. आक्कांनी मला खण दिला आणि गव्हाच्या कुरडयांची एक टोपली. गाडीत बसताना त्यांनी माझा हात धरून ठेवला होता.

तापीच्या अलीकडे बैल सोडले तेव्हा मी मास्तरांकडे पैसे मागितले, रुमालात बांधायला. मोजले. एकवीस रुपये होते.

"तीन रुपये बारा आणे कुठे गेले?"

मास्तर नदीकडे पाहत म्हणाले, "तालमीचे मी परत केले. तू आत खण घेत होतीस तेव्हा."

"का?"

"शेवटचा तुकडा पाटलाच्या बहिणीने दिला आणि तू शिकवलास. शिकलो मी. शिकल्याचे पैसे उलट मी द्यायचे की घ्यायचे?"

मला रागही आला आणि हसूही. ड्रमवाला गाडीवानाबरोबर बैलांना पाणी दाखवायला गेला होता, म्हणून मी बोलू शकले. मी म्हणाले, "तुमच्या संध्याकाळी तुम्ही सोडा, त्या तुमच्या आहेत. तुमचे दहा आणे झाले. पण बाकी पाच जण पाच संध्याकाळ माझ्या अंगणात बसले. त्यांचे तीन रुपये दोन आणे सोडायचा तुम्हाला काय अधिकार?"

ते एकदम गंभीर झाले. हे त्यांच्या मनात खरंच आलं नव्हतं. बराच वेळ त्यांनी वाळूत बोटाने रेघा ओढल्या आणि पुसल्या.

"माझ्या वाट्यातून दे," ते म्हणाले.

"देणारच आहे."

"आणि तू?"

"मी काय?"

"तू गायलीस त्याचं काय द्यायचं?"

मी टोपलीवरचं फडकं पुन्हा बांधलं आणि म्हणाले, की बैलांना जुंपायला सांगा, उजेडात घरी पोचायचं आहे.

शनिवारी सकाळी कोरीटला गेलेले चौघे आले. तिथल्या यजमानाने मास्तर आणि ड्रमवाला आले नाहीत म्हणून त्यांचे रोज, तीन रुपये, कापले होते, आणि मला तेही बरोबर वाटलं. मी प्रत्येकाच्या हातात तालमीचे दहा आणे वेगळे ठेवले आणि थांबण्याचे दोन दिवसांचे अर्धे रोज वेगळे. ढोलवाल्याने थांबण्याचा तो रुपया दुसऱ्या पैशांत मिसळू दिला नाही. उन्हात धरून पाहिला आणि कनवटीला निराळा खोचला.

त्या दिवशी मी सुपारीच्या बोलीत एक कलम वाढवलं: ठरलेल्या वेळेपुढे एक दिवस थांबू, त्यानंतर पुढचं काम असेल तर बँड मोकळा. मास्तरांनी ते मान्य केलं, पण म्हणाले, हेही तूच सांग. मी सांगत राहिले. पुढे गावातल्या दुसऱ्या बँडवाल्यांच्या बायकाही मला विचारायला येऊ लागल्या, की प्रवासाचा रोज अर्धा का, पुरा का नाही. आणि आम्ही दुपारभर बसून त्यावर बोलत असू.

शहाद्याच्या बाजूने मात्र एक वेगळंच मागणं येऊ लागलं. लोक येऊन म्हणत, बँड पुरा नको, पाठवणीला फक्त क्लॅरिओनेट आणि बोटांचा ताल हवा, ब्राह्मणपुरीला झाला तसा. आपल्या घरातली एखादी चाल गुणगुणून दाखवत. मास्तर मला हाक मारत, आणि मी दाराआड येऊन बसे. कोणाचा तुकडा मध्येच तुटला तर आधी मी विचारी, घरात कोणी म्हातारी बाई आहे का. असली तर तिच्याकडे जाण्याचा अर्धा रोज आम्ही हिशोबात धरायचो, आणि त्या दिवशी गाडीत मास्तरांशेजारी बसून मीच जायचे.